नोट्समधून काढलेला चाळीस मार्कांचा पेपर

माझी पुतणी यंदा दहावीला. शाळेच्या सराव परीक्षेत विज्ञान भाग 1 मध्ये तिला चाळीसपैकी एकोणीस मिळाले आणि घरात एकदम शांतता पसरली. भाईजानचं गॅरेज आहे, ते कमी बोलतात. पेपर बघून एवढंच म्हणाले, "सायन्स झेपत नसेल तर कॉमर्स घे. उगाच डोक्याला ताप नको." पोरीला फार्मसीला जायचं आहे. कॉमर्स घेतलं तर तो रस्ता तिथेच बंद, हे तिलाही माहीत होतं आणि भाभींनाही. त्या रात्री भाभींनी मला फोन केला. मी पूर्वी शिकवण्या घ्यायचो, आता बँकेत कारकुनी करतो. पण घरात कुणाचा अभ्यास अडला की अजूनही फोन मलाच येतो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर तिने आपल्या वह्या पुढ्यात मांडल्या. खरं सांगतो, इतक्या नेटक्या नोट्स मी माझ्या विद्यार्थ्यांत क्वचित पाहिल्या. दहाही धडे, व्याख्या लाल शाईत, सूत्रं चौकटीत, आकृत्या पेन्सिलीने. मी मधूनच कुठलंही पान उघडून विचारलं, तिने धडाधड सांगितलं. मग एकोणीस कसे? उत्तरपत्रिका पाहिली तेव्हा कळलं. प्रश्न चारला हात लागलेला नव्हता. प्रश्न तीनमध्ये पाच उत्तरं लिहायची होती, तिने दोन लिहिली होती. म्हणजे चौदा मार्कांचं कोरंच सोडलेलं. जे सव्वीस मार्कांचं लिहिलं त्यात एकोणीस मिळाले होते.

"वेळ पुरला नाही चाचा," ती म्हणाली. "पण मला सगळं येत होतं."

मी विचारलं, बाजारातले सराव पेपर सोडवतेस का? म्हणाली, सोडवून संपले. त्यांची उत्तरं मागे छापलेली असतात, दोनदा वाचली की प्रश्न दिसताच उत्तराचं पान डोळ्यासमोर येतं. तिथेही ती घड्याळ लावून बसलीच नव्हती. म्हणून ठरवलं की तिच्याच नोट्समधून, बोर्डाच्या साच्यात तंतोतंत बसेल असा पेपर काढायचा आणि दोन तासांत सोडवायचा.

आधी एका कोऱ्या कागदावर साचा लिहून काढला. दहावीच्या विज्ञानाच्या एका भागाचा पेपर चाळीस मार्कांचा, वेळ दोन तास. प्रश्न 1 चे दोन उपप्रश्न, अ आणि ब. अ मध्ये योग्य पर्याय निवडा, ब मध्ये एका मार्काचे किरकोळ प्रकार, दोन्हींना पाच-पाच मार्क आणि दोन्हीकडे सगळं सोडवायचं. प्रश्न 2 अ म्हणजे शास्त्रीय कारणे, तीनपैकी कोणतीही दोन, चार मार्क. 2 ब मध्ये पाचपैकी तीन, सहा मार्क. प्रश्न 3 मध्ये आठपैकी पाच, प्रत्येकी तीन मार्क, एकूण पंधरा. प्रश्न 4 मध्ये दोनपैकी एक, पाच मार्क.

हे लिहिल्यावर मी तिला बेरीज करायला सांगितली. सोडवायचे मार्क चाळीस, पण पर्याय धरून छापायचे मार्क साठ. पेपर काढणाऱ्याला साठच मार्कांचा काढावा लागतो. घरी पेपर काढताना बहुतेक जण इथेच आळस करतात, पाच सोडवायचे तर पाचच प्रश्न लिहितात. मग आठ प्रश्न वाचून त्यातले पाच निवडायला परीक्षेत जी मिनिटं जातात, जी चलबिचल होते, तिचा सराव होतच नाही. माझ्या पुतणीने शाळेच्या पेपरात एक प्रश्न अर्धा लिहून खोडला होता आणि दुसरा घेतला होता. अशी खोडाखोड पाचच प्रश्न असलेल्या पेपरात कधी दिसणार नाही.

मग चिठ्ठ्या. जुन्या दिनदर्शिकेची पानं कापली आणि तिला सांगितलं, वहीच्या प्रत्येक पानावरून जेवढे प्रश्न निघतील तेवढे काढ. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागे धड्याचा क्रमांक, मार्क आणि उत्तरातले मुद्दे, एका मार्काला एक मुद्दा अशा हिशोबाने. मुद्दे आत्ताच लिहायचे, पेपर सोडवल्यावर नाही. नंतर लिहिले तर माणूस आपण जे लिहिलंय तेच बरोबर ठरवतो. मी स्वतः बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षांच्या वेळी हेच करत आलोय.

दोन संध्याकाळी बसून तिने चौऱ्याण्णव चिठ्ठ्या केल्या. मार्कांप्रमाणे गठ्ठे लावले. एका मार्काच्या एक्कावन्न, दोन मार्कांच्या अठ्ठावीस, तीन मार्कांच्या बारा, पाच मार्कांच्या तीन.

आता साचा शेजारी ठेवा. एका पेपरला एका मार्काचे दहा प्रश्न लागतात, दोन मार्कांचे आठ, तीन मार्कांचे आठ आणि पाच मार्कांचे दोन. म्हणजे एका मार्काच्या चिठ्ठ्यांतून तिचे पाच पेपर निघाले असते, तीन मार्कांच्या चिठ्ठ्यांतून जेमतेम दीड. बोर्ड सर्वात जास्त मार्क जिथे ठेवतं तिथेच तिचा गठ्ठा बारीक. शिवाय त्या बारा चिठ्ठ्या गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम आणि भिंगे या तीनच धड्यांतल्या होत्या, कारण तिथे उदाहरणं असतात. धातुविज्ञान, कार्बनी संयुगे, आवर्ती वर्गीकरण यांतून तीन मार्कांची एकही चिठ्ठी नाही.

यात तिचा दोष म्हणावा असं काही नाही. नोट्स काढताना आपण धड्याचे तुकडे करतो. व्याख्या एक ओळ, सूत्र एक ओळ, उपयोग तीन. वहीत तुकडे राहतात आणि तुकड्यातून एका मार्काचाच प्रश्न निघतो. तीन मार्कांचा प्रश्न दोन-तीन तुकडे जोडून होतो आणि ते जोडणं वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून पुढचे तीन-चार दिवस आम्ही फक्त जोडकाम केलं. एक नमुना सांगतो. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात तिच्या वहीत वेगवेगळ्या जागी तीन ओळी होत्या. वस्तुमान सगळीकडे सारखं राहतं. वजन म्हणजे W = mg. पृथ्वीवर g चं मूल्य 9.8 m/s², चंद्रावर सुमारे 1.63 m/s². या तीन ओळींतून तिने एका मार्काच्या तीन चिठ्ठ्या केल्या होत्या. मी म्हणालो, आता याच तिन्हींचा एक प्रश्न कर. पहिल्यांदा तिने लिहिलं, "वस्तुमान व वजन यांतील फरक सांगा." तो दोन मार्कांचाच झाला, आणि वहीत जसाच्या तसा होता. बराच वेळ पेन चावल्यावर हा प्रश्न निघाला: एका वस्तूचे पृथ्वीवरील वजन 588 N आहे. तिचे वस्तुमान काढा, चंद्रावरील वजन काढा आणि चंद्रावर तिचे वस्तुमान किती असेल ते कारणासह सांगा. मागे उत्तराचे मुद्दे: 588 ला 9.8 ने भागून 60 किलोग्रॅम, एक मार्क. 60 गुणिले 1.63 म्हणजे 97.8 N, एक मार्क. चंद्रावरही 60 किलोग्रॅमच, कारण वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्यसंचय आणि तो जागेप्रमाणे बदलत नाही, एक मार्क.

पाच मार्कांच्या प्रश्नाला जोड आणखी लांब लागते. भिंगांच्या धड्यातून असा काढला: 20 सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगापासून 30 सेमी अंतरावर 2 सेमी उंचीची वस्तू ठेवली आहे, प्रतिमेचे स्थान, उंची व स्वरूप सांगा आणि किरणाकृती काढा. सूत्र 1/v − 1/u = 1/f. कार्टेशियन चिन्ह संकेताप्रमाणे u = −30 घेतलं की v = 60 सेमी येतो, विशालन −2, प्रतिमा 4 सेमी उंच, वास्तव, उलट आणि मोठी. इथे चिन्हाची चूक झाली तर काय होतं ते आम्ही मुद्दाम करून पाहिलं. u = 30 घेतलं की v = 12 सेमी येतो आणि त्याच आकड्यांवरून काढलेली आकृती त्याच्याशी जुळत नाही. गणित चुकलं की आकृती ओरडून सांगते. एवढ्यासाठीच पाच मार्कांच्या प्रश्नात आकृती घालावी.

पर्यायांच्या प्रश्नाबद्दल एक गोष्ट. स्वतः केलेले पर्याय फार भोळे असतात. तिने लिहिलं होतं, "विद्युत जनित्रातील प्रवाहाची दिशा कोणत्या नियमाने कळते?" आणि पर्यायांत ओहमचा नियम, न्यूटनचा नियम, केप्लरचा नियम. असं असेल तर झोपेतही बरोबर येईल. पर्याय त्याच पानावरून उचलावेत: फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम, फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम, उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम. आता तिचीच गडबड उडाली. जनित्राला उजवा हात आणि मोटरला डावा, हे तिला "येत" होतं, पण सगळ्याच पर्यायांत हातच हात दिसल्यावर तिने डावा निवडला.

चिठ्ठ्या पुरेशा झाल्यावर त्या माझ्या ताब्यात घेतल्या. एक आठवडा मधे जाऊ दिला. स्वतः केलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी सोडवला तर ती आठवणीची परीक्षा होते. पेपर मीच लावला, आणि डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या नाहीत. पहिल्यांदा तसं करून पाहिलं तर प्रश्न 3 मध्ये आठपैकी चार प्रश्न भिंगांचेच आले. मग नियम केला की प्रश्न 3 मध्ये एका धड्याचा एकच प्रश्न, प्रश्न 4 मध्ये एक भौतिकीचा आणि एक रसायनाचा, आणि दहा धड्यांपैकी एकही पूर्ण सुटता कामा नये. शिवाय आठांपैकी निदान तीन प्रश्न तिला न आवडणारे. तिला कोणते आवडत नाहीत ते चिठ्ठीच्या अक्षरावरून कळायचं, तिथे अक्षर घाईचं असायचं.

रविवारी सकाळी अकराला पेपर ठेवला, कारण बोर्डाचा पेपर अकराला सुरू होतो. भाभींना सांगितलं, एक वाजेपर्यंत तिला हाक मारायची नाही. वेळेचा हिशोब आधी मांडून दिला होता: पहिल्या प्रश्नाला पंधरा मिनिटं, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला पंचेचाळीस, चौथ्याला पंधरा. झाली एकशे पाच. उरलेली पंधरा वाचायला आणि शेवटी तपासायला. आणि प्रत्येक प्रश्न संपला की समासात घड्याळातली वेळ लिहायची. बाकी काही नाही, फक्त वेळ.

एक वाजता मी पेपर काढून घेतला. समास असा होता. पहिला प्रश्न संपला 11:20. वाचन धरून ठीकच. दुसरा संपला 12:08. तिसऱ्यातले चार प्रश्न झाले 12:57. चौथा कोरा.

दुसऱ्या प्रश्नाला अठ्ठेचाळीस मिनिटं! दहा मार्कांना. मी उत्तरं वाचू लागलो. शास्त्रीय कारण होतं: थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याच्या नळ्या फुटतात. दोन मार्कांचे मुद्दे दोनच. पाण्याचं तापमान 4 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावतं. आणि बर्फ होताना आकारमान आणखी वाढून नळीवर आतून दाब येतो, म्हणून ती फुटते. तिने पाऊण पान लिहिलं होतं. पाण्याचं असंगत आचरण म्हणजे काय, मग होपचं उपकरण, त्यातले दोन तापमापी, वरच्याचं वाचन, खालच्याचं वाचन, एवढंच काय तर उपकरणाची आकृतीसुद्धा. सगळं बिनचूक. आणि मिळणार दोनच. होपचं उपकरण हा तीन मार्कांचा वेगळा प्रश्न आहे. तिने तो फुकट देऊन टाकला होता.

वही उघडली तेव्हा उलगडा झाला. त्या पानावर हे सगळं एकाखाली एक लिहिलेलं होतं, आणि ती वहीचं पान पाठ म्हणत होती. एक ओळ सुरू झाली की पान संपेपर्यंत हात थांबत नव्हता. "मला सगळं येत होतं" ही तिची तक्रार खरी होती. सगळं येत होतं, म्हणूनच वेळ पुरत नव्हता.

मागच्या मुद्द्यांवरून मार्क दिले: पहिल्यात आठ, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात नऊ, चौथ्यात शून्य. पंचवीस. जेवण झाल्यावर मी तिला तोच कोरा राहिलेला चौथा प्रश्न सोडवायला दिला. तेरा मिनिटांत लिहिला, चार मार्कांचा. ते चार मार्क नळ्यांच्या उत्तरात वाहून गेले होते.

मग वहीतच खुणा केल्या. प्रत्येक पानावर पेन्सिलीने आडव्या रेघा: इथपर्यंत दोन मार्क, इथपर्यंत तीन, पूर्ण पान आलं तर पाच. दोन मार्कांचं उत्तर चार-पाच ओळींत संपवायचं, असं ठरलं. भाभी चहा घेऊन आल्या तेव्हा ती स्वतःच्या सुंदर वहीवर रेघा ओढत होती आणि तोंड कडू झालेलं.

दुसऱ्या पेपरच्या वेळी रमजान सुरू झाला होता. बोर्डाची परीक्षाही रमजानातच असल्याने मी म्हटलं, रोज्यातच बसू दे, तेव्हा कसं होतं ते कळेल. सहरीनंतर तिची झोप अपुरी होत होती. साडेबारानंतर हात जड होतो, वाचलेलं पुन्हा वाचावं लागतं, हे तिनेच सांगितलं. म्हणून क्रम बदलला. पहिल्या प्रश्नानंतर थेट तिसरा, मग चौथा, आणि सोपा पण पसरणारा दुसरा शेवटी. शेवटी ठेवला की पसरायला जागाच राहत नाही. समासातली वेळ या वेळी अशी: 11:20, 12:08, 12:24, 12:56. एकही प्रश्न कोरा नाही. मार्क एकोणतीस. जे अकरा गेले त्यातले बरेचसे रासायनिक समीकरणं संतुलित करण्यात गेले. ते मात्र खरोखरच येत नव्हतं, आणि आता ते स्पष्ट दिसत होतं.

या पेपराला एक मोठी मर्यादा आहे. नोट्समध्ये जे नाही ते या पेपरात कधीच येणार नाही. तिच्या वहीत अवकाश मोहिमांचा धडा दीड पानात संपला होता, त्यामुळे त्याच्या चिठ्ठ्याही चारच. दोन पेपर झाले तरी आम्हाला त्यात काही खटकलं नाही. भोक आहे ते भोकातून कसं दिसणार! शेवटी पाठ्यपुस्तकातले सगळे स्वाध्याय काढले आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याची चिठ्ठी आहे का ते पाहिलं. जिथे चिठ्ठी नाही तिथे गोल. अवकाश मोहिमांच्या स्वाध्यायात गोलच गोल झाले. उपग्रहाच्या कक्षेतल्या वेगाचं उदाहरण, उपग्रहांच्या कक्षांचे प्रकार, काहीच वहीत नव्हतं. तिला तो धडा गोष्टीसारखा वाटला होता, म्हणून वाचून सोडून दिला होता.

तिसरा पेपर तिने एकटीने लावला. त्यात अवकाश मोहिमांचे दोन प्रश्न होते, म्हणजे एका धड्याचा एकच हा माझा नियम तिने मोडला होता. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "चाचा, हा मी नाही सोडवायचा. तुम्ही सोडवा. मी वेळ लावते."

बसलो. इफ्तारला दोन तास होते, भाईजानही गॅरेजमधून लवकर आले होते आणि दारात उभे राहून बघत होते. पहिला प्रश्न झाला, दुसऱ्यावर आलो. शास्त्रीय कारण होतं, मला नीट येत होतं, मी लिहीत गेलो. पान उलटायला हात नेला तेव्हा तिने घड्याळ माझ्यासमोर सरकवलं आणि माझ्या उत्तराच्या पाचव्या ओळीखाली पेन्सिलीने आडवी रेघ ओढली.